आकड्याखालचा छेद: एचआर अधिकाऱ्याच्या रेझ्युमेतला सारांश

रेझ्युमेच्या पहिल्या पानावर, नाव आणि फोन नंबरच्या लगेच खाली, चार-सहा ओळींचा एक परिच्छेद असतो. नोकरीच्या संकेतस्थळांवर त्याला ‘प्रोफाइल समरी’ म्हणतात. मुलाखत घेणारा सर्वात आधी तोच वाचतो आणि पुढची दोन पाने वाचायची की नाही, हे बरेचदा तिथेच ठरते. मनुष्यबळ विभागात, म्हणजे एचआरमध्ये, काम करणाऱ्याला हा परिच्छेद लिहिणे विशेष अवघड जाते. विक्री अधिकाऱ्याकडे विक्रीचा आकडा असतो, उत्पादन अधिकाऱ्याकडे महिन्याला किती नग निघाले याची नोंद असते. एचआरच्या कामाचा परिणाम मात्र दुसऱ्यांच्या वागण्यात दिसतो: कोण थांबले, कोण सोडून गेले, रिकामी जागा किती दिवसांनी भरली, शिक्षा झालेल्या माणसाला आपले म्हणणे मांडायला मिळाले का. त्यामुळे बहुतेक सारांशांत आकडे येतच नाहीत, विशेषणे येतात. ‘अकरा वर्षांचा अनुभव असलेला, उत्साही आणि निकालाभिमुख एचआर व्यावसायिक, भरती, वेतन, प्रशिक्षण, कर्मचारी संबंध व कायदेशीर पूर्तता यांत प्रावीण्य’ या वाक्यातला एकही शब्द खोटा नसेल. तरी हेच वाक्य शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या रेझ्युमेत जसेच्या तसे बसते, आणि म्हणून वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही.

चांगल्या सारांशात कामांची यादी नसते. त्या कामांमुळे माणसांच्या बाबतीत काय बदलले, हे त्यात असते. एचआरमध्ये असे बदल मुख्यतः तीन ठिकाणी दिसतात. कर्मचारी टिकतात का, जागा किती वेगाने भरतात आणि निर्णय न्याय्य पद्धतीने होतात का. पहिल्या दोन्हींसाठी आकडे सहज मिळतात आणि तितक्याच सहज फसवतात. तिसऱ्यासाठी आकडा शोधावा लागतो. हे तिन्ही नीट समजण्यासाठी एक कल्पित पण ओळखीचे वाटेल असे उदाहरण घेता येते. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. तिथे सुमारे ४०० ऑपरेटर आहेत, शिवाय इंजिनिअर आणि कार्यालयीन कर्मचारी. तिथली एचआर मॅनेजर तीन वर्षांच्या कामानंतर दुसरीकडे अर्ज करते आहे आणि तिला आपला सारांश लिहायचा आहे.

सुरुवात टिकून राहण्यापासून. कारखान्यात आणि आयटी कंपनीत सारखाच प्रचलित असलेला शब्द म्हणजे अ‍ॅट्रिशन. वर्षभरात सोडून गेलेल्यांची संख्या भागिले त्या वर्षातली सरासरी कर्मचारीसंख्या, गुणिले शंभर, असे त्याचे सूत्र आहे. या कारखान्यात पहिल्या वर्षी सुरुवातीला ४०० ऑपरेटर होते, शेवटीही ४०० होते आणि वर्षात १२० जण सोडून गेले. अ‍ॅट्रिशन ३० टक्के झाले. यावरून अनेक जण लगेच ‘म्हणजे ७० टक्के लोक टिकले’ असे लिहून मोकळे होतात. इथेच पहिली चूक होते. टिकून राहण्याचे प्रमाण, म्हणजे रिटेन्शन, वेगळ्या पद्धतीने मोजतात. वर्षाच्या पहिल्या दिवशी जे होते, त्यांतले किती जण शेवटच्या दिवशीही आहेत, हे त्यात पाहायचे असते. सोडून गेलेल्या १२० पैकी ८० जण त्याच वर्षी लागलेले होते. जुन्या ४०० मधले फक्त ४० गेले. म्हणजे रिटेन्शन ९० टक्के आहे आणि त्याच वेळी अ‍ॅट्रिशन ३० टक्के आहे. दोन्ही आकडे एकाच कारखान्याचे, एकाच वर्षाचे आणि दोन्ही खरे.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की दुखणे कुठे आहे ते कळते. जुनी माणसे जात नव्हती. नवीन माणसे येत होती आणि जात होती. या मॅनेजरने वर्षात लागलेल्या १२० ऑपरेटरांची यादी काढून पाहिली, तर त्यांतले ६० जण पहिल्या ९० दिवसांतच गेले होते. म्हणजे दर दोन नव्या माणसांपैकी एक तीन महिनेही थांबत नव्हता. पगारवाढ, सेवाकाळाचे बक्षीस, वार्षिक स्नेहसंमेलन हे नेहमीचे उपाय इथे निरुपयोगी होते, कारण ते जो थांबतो त्याच्यासाठी असतात. दहाव्या दिवशी निघून जाणाऱ्याला ते दिसतही नाहीत.

माणसे का जातात, हे शोधण्याची रूढ पद्धत म्हणजे एक्झिट इंटरव्ह्यू. शेवटच्या दिवशी एक फॉर्म भरून घेतात आणि त्यात बहुतेक जण ‘वैयक्तिक कारण’ लिहितात. त्यांना फुल अँड फायनलचा हिशोब आणि अनुभवाचे पत्र हवे असते, त्यामुळे त्या दिवशी कोणी कुणाविरुद्ध बोलत नाही. तेच कारण दोन-तीन महिन्यांनी, हिशोब मिळाल्यावर, फोन करून विचारले की उत्तर बदलते. या कारखान्यात फोनवर तीन गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकू आल्या. भरतीच्या वेळी सांगितलेला पगार आणि भविष्यनिर्वाह निधी वगैरे कापून हातात आलेला पगार यांत मोठा फरक होता. रात्रपाळीनंतर घरी जायला बस नव्हती. आणि पहिल्या दिवसापासून मशिनवर एकट्याने उभे केले जात होते. मग नेमणुकीआधी उमेदवाराला शॉपफ्लोअरवर एक फेरी, हातात येणाऱ्या रकमेची कागदावर लेखी मांडणी, रात्रपाळीसाठी बसचा एक मार्ग आणि पहिला महिना जुन्या ऑपरेटरची सोबत, असे चार बदल झाले. तिसऱ्या वर्षी सोडून जाणाऱ्यांची संख्या १२० वरून ६० वर आली. नवीन लागलेल्या ६० पैकी पहिल्या ९० दिवसांत गेले १२. निम्म्यावरून पाचात एक.

आता सारांशात ‘अ‍ॅट्रिशन निम्म्यावर आणले’ असे लिहिण्याचा मोह होतो. तसे लिहिण्याआधी दोन प्रश्न सोडवावे लागतात. पहिला छेदाचा, म्हणजे कोणाला भागले याचा. चाकण, रांजणगाव किंवा वाळूज यांसारख्या औद्योगिक वसाहतींत शॉपफ्लोअरवर कायम कामगारांबरोबर कंत्राटी कामगार, शिकाऊ उमेदवार आणि प्रशिक्षणार्थीही मोठ्या संख्येने असतात. त्यांना मोजणीबाहेर ठेवले, तर अ‍ॅट्रिशनचा आकडा आपोआप सुंदर दिसतो, कारण सर्वात जास्त ये-जा त्यांचीच असते. वाचणारा जाणकार असेल, तर तो पहिला प्रश्न हाच विचारतो: यात कंत्राटी धरले आहेत का? निवृत्त झालेले, काढून टाकलेले आणि स्वतःहून गेलेले यांचीही सरमिसळ नको. मॅनेजरने ‘कायम व प्रशिक्षणार्थी ऑपरेटर, स्वेच्छेने सोडून गेलेले’ एवढे शब्द जोडले, की आकड्याला पाया मिळतो.

दुसरा प्रश्न श्रेयाचा. वाहनउद्योगात मंदी आली, आजूबाजूच्या कारखान्यांनी भरती थांबवली, की लोक आपोआप टिकतात. त्यात एचआरचे काहीच कर्तृत्व नसते. हे ओळखायचे, तर तुलना हवी. या कंपनीचा त्याच भागात दुसरा कारखाना आहे आणि तिथे हे चार बदल झाले नव्हते. तिथले अ‍ॅट्रिशन याच काळात २६ वरून २२ टक्क्यांवर आले. म्हणजे बाजाराच्या हवेने थोडी घट झालीच असती. इथली ३० वरून १५ ची घट त्याहून बरीच मोठी आहे, आणि तो फरक या कामाचा म्हणता येतो. दुसरा कारखाना नसेल, तर बदल आधी एका विभागात करून बाकीच्यांशी ताडून पाहता येते. सारांशाच्या ओळीत ही सगळी तुलना मावत नाही, पण मुलाखतीत ती सांगता आली पाहिजे. ज्याला ती सांगता येत नाही त्याने ‘माझ्यामुळे’ या अर्थाचे क्रियापद वापरू नये.

भरतीच्या वेगाकडे वळताना पहिला मुद्दा घड्याळाचा आहे: ते कधी सुरू होते आणि कधी थांबते. दोन मापे प्रचलित आहेत. टाइम टू फिल म्हणजे रिकाम्या जागेला मंजुरी मिळाल्यापासून उमेदवाराने होकार देईपर्यंतचे दिवस. टाइम टू हायर म्हणजे निवडलेल्या उमेदवाराचा अर्ज आल्यापासून त्याच्या होकारापर्यंतचे दिवस. दुसरे माप सहसा लहान येते, कारण उमेदवार शोधण्यात गेलेला काळ त्यात नसतो. काही कंपन्या घड्याळ होकारापाशी थांबवतात, काही प्रत्यक्ष रुजू होण्यापाशी. भारतात हा फरक फार मोठा आहे. ६० किंवा ९० दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास असतो, त्यामुळे होकार आणि रुजू होणे यांत दोन-तीन महिने सहज जातात आणि त्या काळात उमेदवार दुसरीकडे वळतो. म्हणून ‘भरती ३६ दिवसांत’ हा आकडा कुठून कुठपर्यंतचा, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

सरासरीचाही एक सापळा आहे. पाच जागा अनुक्रमे ३०, ३२, ३५, ३८ आणि २१५ दिवसांत भरल्या, तर सरासरी ७० दिवस येते. पाचपैकी एकही जागा ७० दिवसांच्या आसपास भरलेली नाही. शेवटची जागा कारखानाप्रमुखाची होती आणि ती एकटी सगळ्यांना ओढून नेते. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी संख्या, इथे ३५ आहे आणि तीच खरे चित्र दाखवते. उलट बाजूने, शंभर ऑपरेटरांची एका दिवसात झालेली भरती आणि दहा इंजिनिअरांची भरती एकत्र केली, की वेग खोटा वाढलेला दिसतो. जागांचे प्रकार वेगळे ठेवून मध्यक द्यावा, हा भरतीतला साधा प्रामाणिकपणा आहे.

चाकणच्या कारखान्यात इंजिनिअर आणि कार्यालयीन जागांसाठी मंजुरीपासून होकारापर्यंतचा मध्यक ५८ दिवस होता. हे दिवस कुठे जातात, हे पाहण्यासाठी मॅनेजरने नेमक्या ५८ दिवसांत भरलेल्या एका जागेचा प्रवास कागदावर मांडला. मंजुरीच्या सह्यांसाठी ९ दिवस, उमेदवार शोधून यादी करण्यात १२, विभागप्रमुखाची मुलाखतीसाठी वेळ मिळण्यात २१, पगाराच्या आकड्याला मान्यता मिळण्यात ११ आणि उमेदवाराच्या निर्णयात ५. भरतीचा वेग वाढवायचा म्हटले की बहुतेक जण आणखी एक जॉब पोर्टल विकत घेतात किंवा आणखी एका कन्सल्टन्सीला काम देतात. म्हणजे ज्या टप्प्यात १२ दिवस जातात, तिथेच सगळा जोर लागतो. इथे निम्म्याहून जास्त काळ आपल्याच लोकांची वाट पाहण्यात जात होता. उपाय साधे निघाले. प्रत्येक विभागप्रमुखाची आठवड्यातली एक दुपार मुलाखतींसाठी राखून ठेवली गेली आणि प्रत्येक पदासाठी पगाराची किमान-कमाल मर्यादा आधीच मंजूर करून घेतली गेली, म्हणजे त्या मर्यादेतल्या ऑफरसाठी पुन्हा फाइल वर पाठवावी लागत नव्हती. मुलाखतीची प्रतीक्षा ७ दिवसांवर आणि पगाराची मान्यता ४ दिवसांवर आली. मंजुरीत एक दिवस वाचला. बाकी टप्पे तसेच राहिले आणि मध्यक ३६ दिवसांवर आला.

हा भाग सारांशासाठी मोलाचा आहे, कारण ‘५८ वरून ३६’ या आकड्याबरोबर ‘मुलाखतीच्या वेळा आणि पगाराच्या मान्यतेतला विलंब काढून’ हे कारण लिहिता येते. कारण सांगणारा माणूस तो बदल दुसऱ्या कंपनीतही करू शकेल, असे वाचणाऱ्याला वाटते. नुसता आकडा सांगणाऱ्याबद्दल तसे वाटत नाही.

वेगाच्या आकड्याला फसवणे सोपे असते आणि त्याच्या खुणा ओळखता येतात. जागा फार दिवस रिकामी राहिली की ती कागदोपत्री बंद करून नव्या क्रमांकाने पुन्हा उघडतात, म्हणजे घड्याळ शून्यावर येते. किंवा आधी उमेदवार पक्का करून मग मंजुरीचा अर्ज टाकतात. सर्वात वाईट प्रकार म्हणजे मिळेल त्याला घेणे. म्हणून वेगाचा आकडा एकटा ठेवू नये. त्याच्या सोबत ‘होकार दिलेल्यांपैकी किती रुजू झाले’ आणि ‘रुजू झालेल्यांपैकी किती वर्षभर टिकले’ हे दोन आकडे हाताशी असावेत. या मॅनेजरकडे ते आहेत: ३४ जणांनी होकार दिला, २९ रुजू झाले, त्यांतले २६ वर्षानंतरही कामावर होते. वेग वाढूनही टिकण्यात घट झाली नाही, हे इथे स्पष्ट होते. भरतीचा वेग आणि कर्मचाऱ्यांचे टिकणे एकमेकांची अशी पडताळणी करतात.

न्याय्य प्रक्रिया हा भाग बहुतेक सारांशांत एका शब्दात संपतो: ‘कायदेशीर पूर्तता’. काही जण त्याहून धाडसी दावे करतात. ‘लैंगिक छळाच्या तक्रारी शून्य’, ‘सर्व शिस्तभंग प्रकरणे कंपनीच्या बाजूने निकाली’. हे दोन्ही दावे जाणकार वाचकाला अस्वस्थ करतात. शेकडो माणसे तीन पाळ्यांत काम करत असतील आणि अनेक वर्षे एकही तक्रार आली नसेल, तर तिथे सगळे सुरळीत असण्याइतकीच तक्रार करायला कोणी धजत नसण्याचीही शक्यता असते. आणि प्रत्येक चौकशीत कामगार दोषीच ठरत असेल, तर निकाल आधी ठरवून मग चौकशी होते की काय, असा प्रश्न उभा राहतो. न्याय्य प्रक्रियेचे मोजमाप निकालावरून करता येत नाही. ते मुदत, पद्धत आणि सगळ्यांना एकच माप लावणे यांवरून करावे लागते.

मुदतीची मापे कायद्यातच आहेत. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, ज्याला कार्यालयांत ‘पॉश’ म्हणतात, तो दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची करतो. समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला असावी लागते, किमान निम्मे सदस्य महिला असाव्या लागतात आणि एक सदस्य बाहेरचा असावा लागतो. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी, त्यानंतर १० दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवाल मिळाल्यावर ६० दिवसांत मालकाने त्यावर कृती करावी, अशी मुदत आहे. म्हणजे सारांशात लिहिण्यासारखी गोष्ट आहे ती अशी: समिती नियमाप्रमाणे गठित होती, तिची माहिती तिन्ही पाळ्यांना मराठी आणि हिंदीत दिली गेली, आणि आलेल्या तक्रारींची चौकशी मुदतीत झाली. तक्रारींची संख्या मात्र जपून लिहावी. याच कायद्याचे कलम १६ तक्रारीतला मजकूर, तक्रारदार, आरोपी आणि साक्षीदार यांची ओळख उघड करण्यास मनाई करते. लहान कंपनीत ‘गेल्या वर्षी एक तक्रार हाताळली’ एवढे वाक्यही त्या बाईची ओळख पटवायला पुरते. ज्या माणसाने गोपनीयता सांभाळायची, त्याच्याच रेझ्युमेतून ती फुटणे ही त्या बाईची फसवणूक आहे.

शिस्तभंगाच्या चौकशीत नैसर्गिक न्यायाचे टप्पे ठरलेले असतात. आरोप स्पष्ट शब्दांत असलेले आरोपपत्र, त्यासोबत कागदपत्रांच्या प्रती, खुलाशासाठी पुरेसा वेळ, प्रकरणाशी संबंध नसलेला चौकशी अधिकारी, कामगाराला समजणाऱ्या भाषेत कामकाज, सहकारी प्रतिनिधीची मदत, साक्षीदारांची उलटतपासणी, आणि शिक्षेआधी निष्कर्षांची प्रत देऊन पुन्हा म्हणणे मांडायची संधी. कामगार संघटनांची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा यांविषयीच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून किंवा अवाजवी घाईने केलेली बडतर्फी अनुचित प्रथांमध्ये मोडते. म्हणून घाई हा इथे गुण नाही. पण दिरंगाईचाही भार कुणावर तरी पडतोच. निलंबित कामगाराला निर्वाह भत्ता म्हणून पहिले ९० दिवस निम्मे वेतन मिळते आणि विलंब त्याच्यामुळे होत नसेल, तर पुढे तीन चतुर्थांश. चौकशी सात-आठ महिने लांबली, तर त्याचे घर अर्ध्यामुर्ध्या पगारावर चालते, आणि कंपनीही काम न घेता पैसे देत राहते.

चाकणच्या कारखान्यात हीच स्थिती होती. चौकश्या सरासरी सात महिने चालत. चौकशी अधिकारी बऱ्याचदा आरोप करणाऱ्या विभागातलाच असे, कामकाज इंग्रजीत टंकलिखित होई आणि कामगार न समजलेल्या कागदावर सही करी. मॅनेजरने चौकशी अधिकारी बाहेरच्या विभागातला किंवा बाहेरचा वकील असावा असा नियम केला, कामकाजाची नोंद मराठीत सुरू केली आणि पुढच्या तारखा पहिल्याच बैठकीत ठरवायला लावल्या. पुढच्या दोन वर्षांत २२ चौकश्या झाल्या. २० चौकश्या ९० दिवसांच्या आत संपल्या आणि २२ पैकी ५ प्रकरणांत आरोप सिद्ध झाले नाहीत. हा पाचचा आकडा सारांशात लिहिण्याजोगा नाही, कारण तो उद्दिष्ट बनला तर चौकशी पुन्हा आधी ठरवून होईल. मुलाखतीत कोणी विचारले, तर मात्र तो चौकशी खरी होती हे सांगतो. एकाच गैरवर्तनाला एकच शिक्षा मिळते का, हेही तिने तपासले. मागच्या प्रकरणांचा तक्ता केला, तेव्हा परवानगीशिवाय गैरहजर राहिल्याबद्दल एका विभागात समज दिली जात होती आणि दुसऱ्यात चार दिवस निलंबन होत होते, हे दिसून आले.

न्याय्यतेची दुसरी जागा म्हणजे भरती. तिथे तपासणी टप्प्याटप्प्याने करता येते. कारखान्यात इंजिनिअरच्या जागांसाठी ३०० पुरुषांचे अर्ज आले आणि ६० जण मुलाखतीच्या यादीत आले, म्हणजे २० टक्के. महिलांचे १०० अर्ज आले, यादीत आल्या १०, म्हणजे १० टक्के. अमेरिकेत १९७८ च्या मार्गदर्शक नियमांपासून एक अंगठेमाप वापरतात: एखाद्या गटाचे निवडीचे प्रमाण सर्वाधिक प्रमाण असलेल्या गटाच्या चार पंचमांशांहून कमी असेल, तर त्या टप्प्याची तपासणी करावी. तो भारतीय कायदा नाही, पण कुठे पाहायचे हे दाखवायला उपयोगी आहे. इथे प्रमाण निम्मे होते. कारण शोधल्यावर चाळणीतला एक जुना नियम सापडला. कामात एक वर्षाहून जास्त खंड असलेले अर्ज थेट बाजूला पडत होते, आणि असे खंड बहुतांशी बाळंतपणानंतर घरी थांबलेल्या महिलांचे होते. कोणी मुद्दाम महिलांना डावलले नव्हते, तरी परिणाम तोच होत होता. नियम काढल्यावर पुढच्या फेरीत महिलांचे प्रमाण १८ टक्के झाले, पुरुषांचे २० वरच राहिले. ही तपासणी अर्जांची संख्या पुरेशी असेल तेव्हाच करावी. पाच अर्जांतून दोन निवडले गेले, तर त्या टक्केवारीतून काही निष्कर्ष निघत नाही.

आता सारांश लिहायला घेता येतो. सगळे आकडे त्यात कोंबायचे नाहीत. तीन परिणाम, प्रत्येकाचा पाया, काळ आणि कारण, एवढे पुरते. सहसा हा मजकूर इंग्रजीत लिहिला जातो. मराठीत तो असा होईल:

‘वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एचआर मॅनेजर; एकूण अनुभव ११ वर्षे. ४०० कायम व प्रशिक्षणार्थी ऑपरेटरांमधील स्वेच्छेने सोडून जाण्याचे प्रमाण तीन वर्षांत ३० वरून १५ टक्क्यांवर. पहिल्या ९० दिवसांतील गळती निम्म्यावरून पाचात एकावर. इंजिनिअर व कार्यालयीन ३४ जागांसाठी मंजुरीपासून होकारापर्यंतचा मध्यक ५८ वरून ३६ दिवसांवर, मुलाखत व वेतनमान्यतेतील विलंब काढून. शिस्तभंग चौकशीची पद्धत विभागनिरपेक्ष व मराठीत केली. दोन वर्षांतील २२ पैकी २० चौकश्या ९० दिवसांत पूर्ण. भरतीच्या चाळणीत महिलांना बाजूला काढणारा नियम शोधून रद्द केला.’

या मजकुरात ‘उत्साही’, ‘कुशल’, ‘निकालाभिमुख’ हे शब्द नाहीत आणि त्यांची उणीवही भासत नाही. कंपन्या अर्ज चाळण्यासाठी जे सॉफ्टवेअर वापरतात त्याला ठरावीक शब्द लागतात. अ‍ॅट्रिशन, पॉश, वेतनप्रणालीचे नाव वगैरे शब्द पुढच्या कौशल्यांच्या रकान्यात द्यावेत. त्यासाठी सारांश बिघडवू नये. कंपनीचे गोपनीय आकडे, म्हणजे पगाराच्या रकमा, नफा, नावे, कुठेही येऊ नयेत. टक्केवारी आणि दिवस बहुधा चालतात, पण नोकरीच्या करारात त्यालाही मनाई असेल, तर प्रमाण शब्दांत सांगावे.

प्रत्येक ओळीत कर्त्याचा वाटा खरा असावा लागतो. बसचा मार्ग प्रशासन विभागाने सुरू केला असेल आणि एचआरने फक्त मागणी केली असेल, तर ‘सुरू केला’ म्हणू नये. दहा जणांच्या चमूत एक असताना ‘नेतृत्व केले’ लिहिलेले मुलाखतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नात उघडे पडते. अनुभवी मुलाखतकार असे विचारतो: हा आकडा कुठून घेतला, एचआरएमएसमधून की एक्सेलमधून? सोडून गेलेल्यांत कोण धरले? तुम्ही येण्याआधी तो किती होता आणि तेव्हा तो कोण मोजत होते? म्हणून सारांशाबरोबर एक पान घरी तयार ठेवावे. त्यावर प्रत्येक आकड्याची व्याख्या, काळ, अंश, छेद आणि स्रोत लिहिलेला असावा. ते पान कोणाला दाखवायचे नसते, फक्त मुलाखतीआधी वाचायचे असते. पहिल्या वर्षी कोणी मोजतच नव्हते, तर ‘३० वरून’ हा भाग लिहिता येत नाही. तेव्हा ‘मोजणी सुरू केली, सध्या १५ टक्के’ एवढेच लिहावे.

नुकतेच एमएसडब्ल्यू किंवा एमबीए करून आलेल्यांकडे, किंवा वरिष्ठांच्या हाताखाली काम करणाऱ्या एक्झिक्युटिव्हकडे, असे तीन वर्षांचे आकडे नसतात. त्यांनी कारखान्याचे परिणाम आपल्या नावावर न लावता आपल्या हातून गेलेल्या टप्प्याचा परिणाम लिहावा: किती जागांच्या याद्या केल्या, त्यांतले किती मुलाखतीपर्यंत पोहोचले, रुजू होण्याच्या दिवशी किती जणांचे कागदपत्र पूर्ण होते. कन्सल्टन्सीत काम करणाऱ्याला कर्मचारी टिकले की नाही, हे बहुधा पुढे कळत नाही. मात्र कन्सल्टन्सीच्या करारात साधारणपणे बदली उमेदवार विनामूल्य देण्याची ठरावीक मुदत असते, आणि त्या मुदतीत बदली द्यावे लागलेल्यांचे प्रमाण त्याला सांगता येते.

अर्ज कुठे करायचा आहे, त्यावर ओळींचा क्रम ठरतो. कामगार संघटना असलेल्या जुन्या कारखान्यासाठी चौकशीची ओळ सर्वात वर जावी, कारण तिथे मालक आणि संघटना दोघेही सर्वात आधी तेच पाहतात. झपाट्याने वाढणाऱ्या कंपनीसाठी भरतीचे ३६ दिवस वर यावेत आणि त्यांना लागूनच वर्षभर टिकलेल्या २६ जणांची ओळ. ऑपरेटरांची सततची ये-जा हेच ज्या कारखान्याचे दुखणे आहे, त्याच्यासाठी पहिल्या ९० दिवसांची ओळ पहिली, आणि बाकी सगळे तिच्या खाली.